६ एप्रिलला मोजलेला माल ३१ मार्चच्या ताळेबंदात कसा आणावा

ताळेबंदातील शिल्लक मालाचा आकडा ३१ मार्चच्या रात्री दुकान आणि गोदाम बंद होताना असलेल्या मालाचा असावा लागतो. प्रत्यक्ष मोजणी मात्र त्याच रात्री होईलच असे नसते. २०२५ चे उदाहरण घेऊ. त्या वर्षी गुढीपाडवा रविवारी, ३० मार्चला आला आणि दुसऱ्याच दिवशी रमजान ईद होती. पाडव्याच्या मुहूर्ताची गर्दी, तोंडावर आलेला उन्हाळा आणि घरपोच पाठवायच्या मालाचे ढीग अशा अवस्थेत पंखे, कूलर, मिक्सर आणि फ्रीज विकणाऱ्या दुकानदाराने दुकान थांबवून माल मोजावा, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नव्हते. अशा दुकानात मोजणी पुढच्या सुट्टीच्या दिवशी होते, आणि त्या वर्षी ती सुट्टी ६ एप्रिलच्या रविवारी, रामनवमीला मिळाली.

यात नियमबाह्य असे काही नाही. लेखापरीक्षण मानक ५०१ मध्ये ताळेबंदाच्या तारखेखेरीज अन्य दिवशी झालेली मोजणी गृहीतच धरलेली आहे. मधल्या काळातील मालाची आवकजावक नीट नोंदली गेली आहे का, याचा पुरावा लेखापरीक्षकाने मिळवला पाहिजे, एवढी त्यावरची अट आहे. म्हणून मोजणी उशिरा झाली ही अडचण नाही. ६ एप्रिलच्या आकड्यापासून ३१ मार्चच्या आकड्यापर्यंत मागे येताना जो हिशेब करावा लागतो, त्यात चुका होतात.

हिशेबाची दिशा आधी पक्की करू. मोजणी वर्षअखेरीनंतरची असेल, तर आपण काळात मागे जात असतो, म्हणून मधल्या दिवसांत जे घडले ते उलटे फिरवायचे. १ ते ५ एप्रिल या काळात दुकानातून बाहेर गेलेला माल ३१ मार्चला दुकानात होता, म्हणून तो मोजलेल्या आकड्यात मिळवायचा. त्याच काळात आत आलेला माल ३१ मार्चला नव्हता, म्हणून तो वजा करायचा. बाहेर जाणाऱ्या मालात विक्रीबरोबर पुरवठादाराला परत केलेला माल येतो आणि आत येणाऱ्या मालात खरेदीबरोबर ग्राहकाने परत आणलेला माल येतो. हे सर्व आकडे खरेदीच्या किमतीने घ्यायचे, कारण मोजलेला माल आपण खरेदीच्या किमतीनेच मांडलेला असतो.

इथपर्यंतचा भाग पाठ्यपुस्तकातील उदाहरणे सोडवलेल्या कोणालाही येतो. तरीही प्रत्यक्ष कामात आकडा चुकतो, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते. हिशेब करणारा विक्री रजिस्टर आणि खरेदी रजिस्टर उघडतो, १ ते ५ एप्रिलची बेरीज घेतो आणि तीच मिळवतो किंवा वजा करतो. रजिस्टरमध्ये बिलाची तारीख असते, तर मोजणीत माल असतो, आणि या दोन गोष्टी एकाच दिवशी घडतात असे मुळीच नाही. म्हणून माझ्या मते प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न आणि तेही याच क्रमाने विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न असा, की हा माल १ ते ५ एप्रिलच्या दरम्यान खरोखर आत आला किंवा बाहेर गेला का. दुसरा असा, की ३१ मार्चच्या रात्री या मालाचा मालक कोण होता. पहिल्या प्रश्नाने मालाची जागा ठरते, दुसऱ्याने मालकी. ताळेबंदात आपल्या मालकीचा माल लिहायचा असतो, मग तो कुठेही पडलेला असो.

समजा, अकोल्यातील असेच एक दुकान आहे. ५ एप्रिलच्या रात्रीपर्यंत व्यवहार चालू होते, ६ एप्रिलला दुकान बंद ठेवून मोजणी झाली आणि खरेदीच्या किमतीने, गाडीभाडे धरून व जीएसटी वगळून, माल १८,४०,००० रुपयांचा भरला. दुकानाचा नेहमीचा नफा विक्री किमतीच्या २० टक्के आहे. पुढचे विक्रीचे आणि खरेदीचे सर्व आकडेही जीएसटी वगळून घेतले आहेत.

विक्री रजिस्टरप्रमाणे १ ते ५ एप्रिलची विक्री ५,१२,००० रुपये आहे. त्यात २ एप्रिलचे ४०,००० रुपयांचे एक बिल एका मंगल कार्यालयाच्या नावे आहे. डिलिव्हरी चलन पाहिले, तर हे कूलर २९ मार्चलाच त्यांच्याकडे पोहोचलेले आहेत. बिल मात्र पाडव्याच्या गडबडीत मागे राहिले. हा माल ३१ मार्चला दुकानात नव्हता आणि तो दुकानाच्या मालकीचाही राहिला नव्हता, म्हणून तो मिळवायचा नाही. उरते ४,७२,००० रुपयांची विक्री, आणि हा माल खरोखर त्याच पाच दिवसांत बाहेर गेला.

या ४,७२,००० रुपयांवर सरसकट २० टक्के नफा वजा करून खरेदीची किंमत काढता येणार नाही. त्यातील ७२,००० रुपयांची विक्री गेल्या वर्षीच्या मॉडेलच्या मिक्सरची आहे. ते मिक्सर ८०,००० रुपयांना घेतलेले होते आणि नवे मॉडेल आल्यामुळे तोट्यात काढावे लागले. खरेदीची किंमत मिळवायची हा नियम लावला, तर ८०,००० मिळवावे लागतील; पण लेखांकन मानक २ प्रमाणे शिल्लक माल खरेदी खर्च आणि विकून निव्वळ हाती येणारी रक्कम यांपैकी जी कमी असेल तिने मांडायचा असतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील ही विक्री नव्याने उद्भवलेल्या कारणाने तोट्यात गेलेली नाही. मिक्सर ३१ मार्चलाही जुनेच होते आणि त्या दिवशीही त्यांना एवढीच किंमत आली असती. म्हणून ते ७२,००० रुपयांनीच मिळवायचे. बाकीच्या ४,००,००० रुपयांच्या विक्रीची खरेदी किंमत ३,२०,००० रुपये होते. दोन्ही मिळून ३,९२,००० रुपये.

त्याच दिवसांत ग्राहकांनी मार्चमध्ये नेलेला १०,००० रुपयांचा माल परत आणला. तो चांगल्या अवस्थेत होता, शेल्फवर लागला आणि मोजणीत धरला गेला. त्याची खरेदी किंमत ८,००० रुपये वजा करायची. उलट, बिघाड निघालेले १२,००० रुपयांचे पंखे ३ एप्रिलला पुरवठादाराकडे परत गेले. कंपनी त्यांची पूर्ण किंमत परत देणार असल्याने ते १२,००० रुपयांनी मिळवायचे.

खरेदीकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. रजिस्टरमध्ये १ ते ५ एप्रिलची खरेदी २,६०,००० रुपये दिसते. त्यात ६०,००० रुपयांचा माल भिवंडीच्या गोदामातून आलेला आहे. पुरवठादाराचे बिल आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी दोन्ही २९ मार्चची आहेत, गाडी अकोल्यात २ एप्रिलला पोहोचली आणि दुकानाने बिल त्याच दिवशी, २ एप्रिलच्या तारखेने नोंदवले. ठरावाप्रमाणे भाडे आणि वाटेतील जोखीम दुकानदाराची होती. माल विक्री कायदा १९३० प्रमाणे, करारानुसार माल खरेदीदाराकडे पोहोचवण्यासाठी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला आणि विक्रेत्याने त्यावरचा आपला हक्क राखून ठेवला नाही, की सर्वसाधारणपणे मालकी खरेदीदाराकडे जाते. म्हणजे ३१ मार्चच्या रात्री हा माल महामार्गावर कुठेतरी असला, तरी तो अकोल्याच्या दुकानाचाच होता. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे तो मधल्या काळात आत आला म्हणून वजा होतो आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे वाटेतील माल म्हणून तेवढाच पुन्हा मिळवला जातो. म्हणून तो मोजलेल्या आकड्यात आहे तसा राहू द्यायचा. पोहोच देण्याची जबाबदारी पुरवठादाराची असती आणि वाटेत नुकसान झाल्यास ते त्याने सोसायचे असते, तर उत्तर उलटे आले असते. त्यासाठी ऑर्डरमधील किंवा बिलावरील अटी वाचाव्या लागतात.

याच रजिस्टरमध्ये ४ एप्रिलचे ५०,००० रुपयांचे एक बिल आहे. पुरवठादाराने ते व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि हिशेबनिसाने त्याच दिवशी टॅलीत नोंदवूनही टाकले, पण माल ६ एप्रिलपर्यंत आलेलाच नव्हता. जो माल मोजणीत धरलेला नाही, तो वजा करण्याचा प्रश्नच येत नाही. ही चूक मला सर्वांत घातक वाटते. येथे बिलाची तारीख बरोबर, रक्कम बरोबर आणि नोंदही बरोबर असते, त्यामुळे रजिस्टर कितीही वेळा तपासले, तरी ती सापडत नाही. ती आवक रजिस्टरमध्येच सापडते. हे दोन आकडे बाजूला काढले, की वजा करायची खरेदी १,५०,००० रुपये उरते.

शेवटचा मुद्दा मुहूर्ताच्या खरेदीचा. पाडव्याला एका ग्राहकाने फ्रीज निवडला, पूर्ण पैसे दिले, ३० मार्चचे बिल घेतले आणि वास्तुशांतीनंतर पाठवा असे सांगून गेला. विशिष्ट नग ठरला होता आणि तो देण्याजोग्या अवस्थेत होता, म्हणून दुसरे काही ठरलेले नसल्यास डिलिव्हरी लांबली तरी मालकी ग्राहकाकडे गेली. तो फ्रीज ६ एप्रिललाही गोदामात होता आणि मोजणाऱ्यांनी स्वाभाविकपणे तोही मोजला. त्याची खरेदी किंमत २४,००० रुपये वजा करावी लागेल, नाहीतर विक्रीही आपली आणि मालही आपला असे होईल. असाच एखादा नग ३ एप्रिलला घरपोच गेला असता, तर काहीच करावे लागले नसते. तो मोजणीत आलेला नाही आणि ३१ मार्चला आपला नव्हता. फक्त ग्राहकाने थोडी रक्कम आगाऊ देऊन एखादे मॉडेल नोंदवून ठेवले असेल आणि नग ठरलेला नसेल, तर ती विक्री झालेली नाही आणि तो माल आपलाच राहतो.

आता मांडणी करू.

६ एप्रिलची मोजणी: १८,४०,००० रुपये
मिळवा, बाहेर गेलेला विक्रीचा माल: ३,९२,००० रुपये
मिळवा, पुरवठादाराला परत केलेला माल: १२,००० रुपये
वजा, प्रत्यक्ष आत आलेली खरेदी: १,५०,००० रुपये
वजा, ग्राहकांनी परत आणलेला माल: ८,००० रुपये
वजा, विकलेला पण गोदामात राहिलेला फ्रीज: २४,००० रुपये
३१ मार्चचा शिल्लक माल: २०,६२,००० रुपये

केवळ रजिस्टरच्या बेरजा घेऊन हाच हिशेब केला असता, तर १८,४०,००० मध्ये ५,१२,००० चे ८० टक्के म्हणजे ४,०९,६०० आणि परत केलेले १२,००० मिळवून, त्यातून २,६०,००० आणि ८,००० वजा करून १९,९३,६०० रुपये आले असते. फरक ६८,४०० रुपयांचा आहे आणि तो एकाच दिशेच्या चुकांचा नाही. दोन खरेदी बिलांमुळे आकडा १,१०,००० रुपयांनी आणि जुन्या मिक्सरवर नेहमीचा नफा धरल्यामुळे १४,४०० रुपयांनी कमी आला. उशिराच्या बिलामुळे तो ३२,००० रुपयांनी आणि फ्रीजमुळे २४,००० रुपयांनी फुगला. चुका अशा परस्परविरुद्ध दिशेने जातात, म्हणून अंतिम आकडा नजरेला ठीक दिसला, एवढ्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही.

शिल्लक मालाचा आकडा सुधारला, की काम संपत नाही, कारण त्याच मालाची दुसरी नोंद खरेदीत किंवा विक्रीत असते. भिवंडीचा ६०,००० रुपयांचा माल ३१ मार्चच्या शिल्लक मालात घेतला, तर त्याची खरेदीही मार्चमध्ये नोंदवावी लागेल आणि पुरवठादाराचे देणेही ताळेबंदात दिसावे लागेल. दोन्ही नोंदी राहून गेल्या, तर मालमत्ता आणि देणी कमी दिसतात, पण नफा बदलत नाही. माल घेतला आणि खरेदी एप्रिलमध्येच राहू दिली, तर नफा एकदम ६०,००० रुपयांनी वाढतो. अर्धवट सुधारणा ही मूळ चुकीपेक्षा वाईट ठरते, ती अशी. मंगल कार्यालयाच्या ४०,००० रुपयांच्या विक्रीचेही तेच आहे: माल शिल्लकेत धरला नाही, म्हणून ती विक्री संपलेल्या वर्षात घेतली पाहिजे. हे दोन्ही बदल केल्यावर रजिस्टरवरून काढलेल्या नफ्यात आणि खऱ्या नफ्यात ४८,४०० रुपयांचे अंतर उरते.

जीएसटीच्या बाजूने येथे तारखा जुळणार नाहीत, याची तयारी ठेवावी. खरेदीवरील कराची वजावट माल हाती आल्यावरच घेता येते, म्हणून वाटेतील मालाची खरेदी मार्चच्या वर्षात आणि तिच्यावरील वजावट एप्रिलमध्ये येईल. २ एप्रिलच्या बिलाची विक्री विवरणपत्रात एप्रिलची आणि पुस्तकात मार्चची दिसेल. शिवाय माल देताना बिल करायला हवे होते, हा दोष उरतोच. हा फरक लिहून ठेवला, तर वर्षाच्या ताळमेळात त्याचा उलगडा करता येतो.

खरेदीच्या किमतीकडे वळू. विक्रीवरून खरेदी किंमत काढताना टक्के कशावर आहेत, हे न पाहता हिशेब केला जातो. विक्रीवर २० टक्के नफा म्हणजे खरेदीवर २५ टक्के. दुकानदार तोंडी सांगताना बहुधा खरेदीवर किती चढवतो ते सांगतो. त्याचे २५ टक्के विक्रीवरचे समजून ४,००,००० मधून १,००,००० वजा केले, तर खरेदी किंमत ३,००,००० येते आणि २०,००० रुपयांचा माल नाहीसा होतो. जीएसटीचेही भान हवे. १८ टक्के कर असलेल्या मालाचे १,१८,००० रुपयांचे बिल असेल, तर नफ्याचे टक्के १,००,००० वर लावायचे. ज्यांना खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही, उदाहरणार्थ कंपोझिशन योजनेतील दुकानदार, त्यांच्यासाठी मात्र तो कर खरेदी किमतीचाच भाग असतो.

दर वाढत असताना आणखी एक गोष्ट घडते आणि ती सहसा लक्षात येत नाही. समजा, ३१ मार्चला एका जातीचे ४० पंखे १,५०० रुपये दराने घेतलेले होते. २ एप्रिलला आणखी ४० पंखे १,७०० रुपयांनी आले, ५ एप्रिलपर्यंत ३० विकले गेले आणि मोजणीत ५० भरले. ३१ मार्चचे खरे उत्तर ६०,००० रुपये आहे. आधी आलेला माल आधी जातो या पद्धतीने ५० पंख्यांची किंमत, जुने १० आणि नवे ४० धरून, ८३,००० रुपये होते. त्यात विकलेल्या ३० पंख्यांचे ४५,००० मिळवून नवी खरेदी ६८,००० वजा केली, की बरोबर ६०,००० येतात. सरासरी पद्धतीनेही तेच उत्तर मिळते, मात्र उरलेले ५० आणि विकलेले ३० या दोहोंना १,६०० हीच सरासरी लावावी लागते. परंतु अनेक दुकानांत मोजणीच्या यादीला सरळ शेवटच्या बिलाचा दर लावतात. तसे केल्यास ५० पंखे ८५,००० रुपयांचे होतात आणि मागे आल्यावर ६२,००० येतात. ज्या मालाचा दर वर्षअखेरीनंतर वाढला, त्या प्रत्येक मालात असा फुगवटा शिरतो. म्हणून मालाचा वस्तुवार हिशेब असेल, तर मी रकमांऐवजी नगांचाच हिशेब मागे नेण्याचा आग्रह धरेन: ५० अधिक ३० उणे ४० बरोबर ४०, आणि या ४० नगांना ३१ मार्चचा दर. नफ्याच्या टक्क्यांचा आधार वस्तुवार नोंदी नसतील तेव्हाच घ्यावा.

मोजणी वर्षअखेरीआधी झाली असेल, तर दिशा बदलते. समजा, याच दुकानाच्या दुसऱ्या गोदामाची मोजणी पाडव्याआधीच्या रविवारी, २३ मार्चला झाली आणि माल ९,००,००० रुपयांचा भरला. नंतर ३१ मार्चपर्यंत १,२०,००० रुपयांचा माल आत आला आणि २,५०,००० रुपयांच्या विक्रीचा, म्हणजे २,००,००० रुपये खरेदी किमतीचा माल बाहेर गेला. येथे आपण काळाबरोबर पुढे जात आहोत, म्हणून आत आलेला मिळवायचा, बाहेर गेलेला वजा करायचा, आणि शिल्लक ८,२०,००० रुपये येते. या आठवड्यात पाडव्याच्या सवलती चालू असल्याने नेहमीचा २० टक्के नफा मिळाला नसण्याचीच शक्यता अधिक; तो १५ टक्के असेल, तर बाहेर गेलेला माल २,१२,५०० रुपयांचा होतो आणि शिल्लक १२,५०० रुपयांनी घटते.

पुढे येताना आणि मागे जाताना नुकसानीचा प्रश्न वेगवेगळा सुटतो. २७ मार्चला गोदामात पाणी शिरून माल खराब झाला असेल, तर तो खरेदीविक्रीच्या कोणत्याही नोंदीत दिसत नाही आणि २३ मार्चच्या मोजणीतही तो चांगलाच धरलेला असतो. तो आठवणीने वेगळा वजा करावा लागतो. उलट, ३ एप्रिलच्या रात्री चोरी झाली असेल, तर तो माल ६ एप्रिलला मोजता आला नाही, पण ३१ मार्चला तो शाबूत होता, म्हणून तो मिळवायचा. हा तोटा नव्या वर्षाचा आहे. मोजणीत एखादा नग फुटलेला आढळला आणि तो कधी फुटला हे कोणालाच सांगता आले नाही, तर निर्णय परिस्थिती पाहून घ्यावा लागतो. खोक्यावरची धूळ आणि माल ठेवल्याची जागा पाहून तो बऱ्याचदा आधीचाच असल्याचे दिसते, आणि शंका असेल तेव्हा तो ३१ मार्चलाच खराब होता असे धरणे मला योग्य वाटते.

आलेला आकडा पडताळण्याचे दोन मार्ग उपयोगी पडतात. पहिला म्हणजे ढोबळ नफ्याचे प्रमाण: हा आकडा घेऊन वर्षाचा ढोबळ नफा काढायचा आणि मागील वर्षांशी ताडायचा. २० टक्क्यांच्या आसपास चालणारे दुकान एकदम २४ टक्के दाखवू लागले, तर खरेदी नोंदवायची राहिलेला वाटेतील माल किंवा विकूनही शिल्लकेत धरलेला माल आधी शोधावा. ही कसोटी मोठ्या चुका दाखवते. अकोल्याच्या दुकानातील ४८,४०० रुपयांचा फरक वर्षाची विक्री दोन कोटींची असेल, तर पाव टक्क्याच्याही आत बसतो आणि या कसोटीतून सहज सुटतो. म्हणून दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे. पाच-सात महागड्या वस्तू निवडून त्यांचे नग मागे नेऊन पाहायचे. ६ एप्रिलला १४ फ्रीज मोजले, मधल्या काळात ५ गेले आणि ३ आले, तर ३१ मार्चला १६ असायला हवेत. त्या तारखेच्या टॅलीतील शिल्लक १६ ऐवजी १५ दाखवत असेल, तर तो एक फ्रीज कोणता हे बिलांवरून शोधता येते, आणि बहुधा तो विकूनही गोदामात राहिलेलाच निघतो.

हे सर्व करता येण्यासाठी काही कागद वेळेवर तयार झालेले असावे लागतात. मागाहून ते बनवता येत नाहीत. ३१ मार्चला दुकान बंद करताना शेवटचे विक्री बिल, शेवटचे डिलिव्हरी चलन, शेवटची क्रेडिट नोट आणि आवक रजिस्टरमधील शेवटची नोंद यांचे क्रमांक लिहून ठेवायचे आणि मोजणी सुरू होण्यापूर्वी तेच पुन्हा करायचे. मग मधली प्रत्येक नोंद या दोन क्रमांकांच्या दरम्यान सापडते. मालाच्या हालचालीची तारीख ठरवायला ई-वे बिल चांगला पुरावा आहे, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ते लागत नाही. भिवंडीहून आलेल्या ६०,००० रुपयांच्या मालाचे ई-वे बिल निघालेच नसेल. तेथे बिल्टी आणि आवक नोंद हेच पुरावे उरतात, म्हणून बिल्टीची प्रत खरेदी बिलाला जोडून ठेवावी. मोजणीच्या दिवशी माल आत किंवा बाहेर गेलाच, तर तो वेगळ्या कोपऱ्यात ठेवून यादीवर तशी खूण करावी.

मोजणी आणि वर्षअखेर यांतील अंतर जितके वाढते, तितका हा हिशेब अंदाजाकडे झुकतो. पाच-सहा दिवसांच्या नोंदी एकेक करून पाहता येतात. दोन महिन्यांचे अंतर असेल, तर शेकडो बिले सरासरी नफ्याने मागे न्यावी लागतात, आणि त्यात सवलती, दरवाढ आणि मधली घट सगळे मिसळून जाते. वस्तुवार नोंदी नसलेल्या दुकानात मोजणी मेमध्ये झाली असेल, तर मी त्या आकड्यावर सही करण्यापूर्वी निदान एकूण किमतीचा मोठा भाग व्यापणाऱ्या वस्तूंचे नग बिलांवरून ३१ मार्चपर्यंत मागे नेऊन पाहीन, आणि तेही शक्य नसेल तर शिल्लक मालाची खातरजमा करता आली नाही, असे अहवालात लिहीन.